शब्दाला प्रत्यय लागतो तेव्हा आत काय घडते?

मराठी बोलताना आपण ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफी’ आणि ‘फोटोग्राफिक’ हे तिन्ही शब्द जवळजवळ सारख्याच सुरात म्हणतो. ‘फोटोग्राफ’ हा तुकडा तिन्हींत जसाच्या तसा राहतो आणि शेवटी काहीतरी जोडले जाते, एवढेच आपल्या कानाला जाणवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाच्या तोंडी मात्र हे तीन शब्द एकमेकांपासून चांगलेच दूर जातात. पहिल्यात जोर अगदी सुरुवातीच्या ‘फो’वर असतो, दुसऱ्यात तो ‘टो’वर सरकतो आणि ‘फो’चा स्वर पुसट होऊन जेमतेम ‘फ’ उरतो, तर तिसऱ्यात जोर थेट ‘ग्रा’वर जाऊन बसतो. गंमत अशी की ‘फोटोग्राफिंग’ म्हटले की यातले काहीच घडत नाही. जोर मुकाट्याने पहिल्या ठिकाणी परत येतो, जणू ‘इंग’ हा प्रत्यय शब्दाला लागलाच नव्हता.

काही प्रत्यय शब्दाच्या आत शिरून त्याचा जोर आणि स्वर हलवतात आणि काही नुसते बाहेरून चिकटतात, हे का, याचे उत्तर देण्यासाठी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जो सिद्धांत उभा राहिला त्याला ‘लेक्सिकल फोनॉलॉजी’ म्हणतात. पॉल किपार्स्की आणि के. पी. मोहनन यांनी 1982मध्ये त्याची मांडणी केली. पाया आधीच घातला गेला होता. चॉम्स्की आणि हॅले यांनी 1968मध्ये इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात प्रत्ययांपूर्वीच्या सीमांचे दोन प्रकार कल्पिले होते आणि डोरोथी सीगल यांनी 1974च्या प्रबंधात इंग्रजी प्रत्ययांचे दोन वर्ग केले होते. पुढचे विवेचन इंग्रजीचेच आहे, कारण या सिद्धांताची सर्वांत जास्त घासाघीस तिथेच झाली. मराठीकडे शेवटी येऊ.

आधी इंग्रजीतल्या जोराचा, म्हणजे आघाताचा, नियम पाहू. तो मराठी वाचकाला समजावणे त्यामानाने सोपे आहे, कारण वृत्तांचे गण पाडताना आपण सर्वांनी लघु-गुरू मोजलेले असतात. अक्षर म्हणजे इथे लिहिलेले अक्षर नव्हे, तर एका दमात उच्चारला जाणारा, एक स्वर असलेला तुकडा. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू, आणि ऱ्हस्व स्वर असला तरी पुढच्या जोडाक्षरामुळे ज्याच्यावर भार येतो तेही गुरू, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. इंग्रजी नामांचा आणि पुष्कळशा प्रत्ययान्त विशेषणांचा नियम असा: शेवटचे अक्षर हिशेबातून वगळायचे, उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर द्यायचा, आणि ते लघु असेल तर आणखी एक पाऊल मागे जाऊन शेवटून तिसऱ्यावर द्यायचा.

‘पेरेंट’ घ्या. यात ‘पे’ आणि ‘रेंट’ अशी दोनच अक्षरे आहेत. शेवटचे वगळले की ‘पे’ उरतो आणि आघात त्यावर पडतो. आता ‘अल’ प्रत्यय लावून ‘पेरेंटल’ करू. ‘पे-रेन्-टल’ यातले ‘टल’ वगळले. उपान्त्य ‘रेन्’ स्वरापुढच्या व्यंजनांच्या गर्दीमुळे गुरू आहे, म्हणून आघात तिथे सरकतो, आणि आघात गेल्याबरोबर ‘पे’चा स्वर फिका पडून ‘प’सारखा ऐकू येतो. इथवर सगळे नियमाप्रमाणे झाले. पण ‘हूड’ लावून ‘पेरेंटहूड’ केले तर? ‘पे-रेंट-हूड’ यातले ‘हूड’ वगळल्यावर उपान्त्य ‘रेंट’ मघासारखेच गुरू आहे, म्हणजे आघात त्यावर जायला हवा. तो जात नाही. ‘पे’ जागचा हलत नाही आणि त्याचा स्वरही शाबूत राहतो. ‘क्युरिअस’चेही तसेच. ‘इटी’ लागून ‘क्युरिऑसिटी’ झाले की आघात ‘ऑ’वर जातो आणि पुसट ‘अ’ खणखणीत ‘ऑ’ होतो, पण ‘नेस’ लागून ‘क्युरिअसनेस’ झाले तर काहीच बदलत नाही.

सिद्धांताचे म्हणणे असे की शब्द एका झटक्यात तयार होत नाही, तो पातळ्यांमधून जातो. पहिल्या पातळीवर ‘अल’, ‘इटी’, ‘इक’, ‘एशन’ असे प्रत्यय आणि ‘इन’ हा उपसर्ग लागतो, आणि आघाताचा नियम याच पातळीवर चालतो. दुसऱ्या पातळीवर ‘नेस’, ‘हूड’, ‘लेस’, ‘फुल’ आणि ‘अन’ हा उपसर्ग लागतो, पण तोवर आघाताचे काम आटोपलेले असते. ‘हूड’ येतो तेव्हा ‘पेरेंट’चा आघात ठरून गेलेला असतो आणि तो बदलणारा नियम मागच्या पातळीवर राहिलेला असतो. पहिल्या गटातले प्रत्यय बहुतेक लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेले, दुसऱ्यातले बहुतेक मूळच्या जुन्या इंग्रजीतले आहेत. पण बोलणाऱ्याच्या डोक्यात व्युत्पत्तिकोश नसतो. त्याला प्रत्ययाचे वागणे माहीत असते, कुळ नव्हे.

आता या सिद्धांताचा दुसरा आणि माझ्या मते जास्त देखणा भाग. पहिल्या पातळीवर एकापाठोपाठ दोन प्रत्यय लागले तर आघाताचा नियम कधी चालतो, दोन्ही प्रत्यय लागून झाल्यावर एकदाच, की प्रत्येक प्रत्ययानंतर नव्याने? सिद्धांत म्हणतो, प्रत्येक प्रत्ययानंतर. शब्दाची एक फेरी पुरी झाली की प्रत्यय लागतो आणि त्याच नियमाची पुढची फेरी सुरू होते. या फेऱ्यांमुळेच अशा नियमांना चक्रीय नियम म्हणतात. नुसत्या मुख्य आघातावरून हे सिद्ध होत नाही, कारण एकदाच नियम चालवला तरी मुख्य आघात बहुधा त्याच जागी येतो. पुरावा शोधायचा तर आधीच्या फेरीने मागे ठेवलेली खूण शोधावी लागते, आणि ती ‘ओरिजिनॅलिटी’ या शब्दात फार स्वच्छ सापडते.

पहिली फेरी ‘ऑरिजिन’वर चालते. ‘ऑ-रि-जिन’ यातले ‘जिन’ वगळले, उपान्त्य ‘रि’ लघु आहे, म्हणून एक पाऊल मागे जाऊन आघात ‘ऑ’वर. दुसऱ्या फेरीत ‘अल’ लागून ‘ओ-रि-जि-नल’ होते. ‘नल’ वगळले, उपान्त्य ‘जि’ लघु, म्हणून आघात ‘रि’वर. आता ‘ओ’वरचा जुना आघात आणि ‘रि’वरचा नवा आघात अगदी शेजारी आले. इंग्रजीला दोन जोर असे खेटून ठेवणे फारसे मानवत नाही, त्यामुळे जुना पुसला जातो आणि ‘ओ’चा स्वर पुसट होतो. तिसऱ्या फेरीत ‘इटी’ लागून ‘ओ-रि-जि-नॅ-लि-टी’ झाले. ‘टी’ वगळले, ‘लि’ लघु, म्हणून मुख्य आघात ‘नॅ’वर. या वेळी जुना आघात ‘रि’वर आहे आणि ‘नॅ’ व ‘रि’ यांच्या मध्ये ‘जि’ बसलेला आहे. खेटाखेट नाही, म्हणून जुना आघात पुसला न जाता दुय्यम आघात म्हणून टिकून राहतो. इंग्रजी बोलणाऱ्याचा ‘ओरिजिनॅलिटी’ लक्ष देऊन ऐकला तर ‘रि’वर हलकासा ठोका आणि ‘नॅ’वर मोठा ठोका असे दोन ठोके ऐकू येतात.

हा दुय्यम ठोका ‘रि’वर पडणे वाटते तितके साहजिक नाही. मुख्य आघाताच्या आधी तीन अक्षरे असली आणि शब्दाच्या पोटात दुसरा कोणताही शब्द नसला, तर इंग्रजी दुय्यम आघात पहिल्या अक्षरावर देते. जादूगाराचा ‘ॲब्राकडॅब्रा’ घ्या. मोठा ठोका ‘डॅ’वर, त्याआधी तीन अक्षरे, आणि छोटा ठोका पहिल्या ‘ॲ’वर. ‘ओरिजिनॅलिटी’तही मुख्य आघातापूर्वी तीनच अक्षरे आहेत. नियम सगळ्या शब्दावर एकदाच चालला असता तर छोटा ठोका ‘ओ’वर पडला असता. तो ‘रि’वर पडतो, कारण ‘ओरिजिनॅलिटी’ ही ‘ओरिजिनल’वरून झालेली आहे आणि ‘ओरिजिनल’चा आघात ‘रि’वर होता. पोटातल्या शब्दाची आठवण बाहेरचा शब्द अशी जपतो.

याच प्रकारची, पण स्वरांत दिसणारी खूण म्हणून पाठ्यपुस्तकांत ‘कंडेन्सेशन’ आणि ‘कॉम्पेन्सेशन’ ही जोडी दिली जाते. दोन्हींची घडण वरवर सारखी दिसते. ‘कंडेन्स’ या क्रियापदात आघात ‘डेन्स’वर असतो, म्हणून ‘कंडेन्सेशन’मधला मधला स्वर स्पष्ट ‘ए’ राहतो. ‘कॉम्पेन्सेट’मध्ये मधल्या ‘पेन्’वर आघात कधीच नव्हता, म्हणून ‘कॉम्पेन्सेशन’मध्ये तोच स्वर पुसट होतो. जोडी आकर्षक आहे खरी, पण सगळे इंग्रजी बोलणारे ती पाळत नाहीत, ‘कंडेन्सेशन’मध्येही कित्येकांचा मधला स्वर पुसट असतो. म्हणून मी भिस्त ‘ओरिजिनॅलिटी’वर ठेवतो.

स्वरांचा उल्लेख आलाच आहे तर ‘डिव्हाइन’ आणि ‘डिव्हिनिटी’ ही जोडीही पाहायला हवी. इथे आघात मुळीच हलत नाही, तो दोन्हींत दुसऱ्या अक्षरावरच आहे, पण लांब ‘आइ’चा आखूड ‘इ’ होतो. ‘सिरीन’-‘सेरेनिटी’ आणि ‘सेन’-‘सॅनिटी’ या जोड्यांतही लांब स्वर असाच आखडतो. शेवटून तिसऱ्या अक्षरातला लांब स्वर, पुढे आघात नसलेले अक्षर आले की, आखूड होतो, असा हा पहिल्या पातळीवरचा नियम आहे. लांब आणि आखूड स्वर आज इतके वेगळे का ऐकू येतात याचे कारण इतिहासात आहे: पंधराव्या शतकापासून पुढे इंग्रजीचे लांब स्वर एका मोठ्या स्थित्यंतरात आपापल्या जागेवरून सरकले, आखूड स्वर बहुतांशी जागीच राहिले, आणि जे कधीकाळी ‘ई’ आणि ‘इ’ होते ते ‘आइ’ आणि ‘इ’ झाले. दुसऱ्या पातळीचा प्रत्यय लागला की हा नियम लागू होत नाही. ‘पायरेट’चे ‘पायरेटिंग’ झाले तर ‘पाय’ शेवटून तिसऱ्या जागी येतो, तरी त्याचा स्वर जसाच्या तसा राहतो.

पण मग ‘नाइटिंगेल’ आणि ‘आयव्हरी’ या शब्दांचे काय? त्यांच्यात लांब स्वर शेवटून तिसऱ्या अक्षरात आहे, प्रत्ययाचा अडसर नाही, तरी तो आखडत नाही. इथे सिद्धांताने एक महत्त्वाची अट घातली. चक्रीय नियम शब्दाचे रूप बदलतो तो फक्त त्या फेरीत काही नवे जोडले गेल्यामुळे परिस्थिती निर्माण झाली असेल तर. ‘डिव्हिनिटी’त ‘इटी’ जोडली गेल्यामुळे लांब स्वर तिसऱ्या जागी ढकलला गेला, म्हणून नियमाला वाव मिळाला. ‘आयव्हरी’ मुळातच तशी आहे, तिच्यात काही नव्याने घडलेले नाही. अपवाद तरीही उरतात आणि त्यातला एक आपल्या परिचयाचा आहे. ‘ओबीस’ या विशेषणाला ‘इटी’ लागल्यावर नियमानुसार स्वर आखडायला हवा, पण इंग्लंड-अमेरिकेत बहुतेक लोक तो लांबच ठेवून ‘ओबीसिटी’ म्हणतात. आपल्याकडची ‘ओबेसिटी’ ही इंग्रजीच्या जुन्या नियमाला तिथल्यांपेक्षा जास्त धरून आहे, हे कुणी हसून सांगितले तर रागावू नये.

पातळ्या मानल्या की आणखी एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते. पहिली पातळी आतली आणि दुसरी बाहेरची असेल, तर दुसऱ्या पातळीचा प्रत्यय लागल्यानंतर पहिल्या पातळीचा प्रत्यय लागू शकत नाही, कारण मागे फिरायला वाट नाही. ‘होपलेसनेस’ बिनदिक्कत होते, ‘होपलेसिटी’ होत नाही. ‘अन’ आणि ‘इन’ या उपसर्गांतही हाच फरक दिसतो. ‘इन’ आतल्या पातळीचा आहे, म्हणून तो शब्दात विरघळतो आणि ‘इल्लीगल’, ‘इर्रेग्युलर’, ‘इम्पॉसिबल’ अशी रूपे घेतो. ‘अन’ बाहेरचा आहे, ‘अनलॉफुल’ आणि ‘अनरिलायेबल’ यांत त्याचा ‘न’ जागेवरच राहतो.

या दोन पातळ्या एकाच मूळ शब्दात समोरासमोर पाहायच्या असतील तर ‘रिपेअर’ घ्या. ‘एबल’ हा प्रत्यय दोन्ही पातळ्यांवर वावरतो. बाहेरून लागला तर ‘रिपेअरेबल’ होते, आघात ‘पेअर’वर राहतो, स्वर जसाच्या तसा, आणि उलट अर्थ हवा तर ‘अनरिपेअरेबल’. आतून लागला तर आघात सुरुवातीच्या ‘रे’वर जातो, ‘पेअर’चा स्वर पुसट होतो आणि ‘रेपरेबल’ मिळते, ज्याला उपसर्ग लागतो तो ‘इन’, आणि तो ‘र’मध्ये विरघळून ‘इर्रेपरेबल’ होतो. आतल्या प्रत्ययाला आतला उपसर्ग आणि बाहेरच्याला बाहेरचा, अशी ही जोडी जुळते. अर्थही फाटतो: ‘अनरिपेअरेबल’ म्हटले की बंद पडलेला मिक्सर डोळ्यांसमोर येतो, आणि ‘इर्रेपरेबल’ म्हटले की भरून न येणारे नुकसान.

इतके सगळे जुळत असताना सिद्धांताला तडे कुठे गेले तेही सांगायला हवे. सर्वांत प्रसिद्ध तडा ‘अनग्रॅमॅटिकॅलिटी’ या शब्दाचा. ‘अन’ दुसऱ्या पातळीचा आणि ‘इटी’ पहिल्या पातळीची, म्हणून आधी ‘ग्रॅमॅटिकॅलिटी’ झाली पाहिजे आणि मग तिला ‘अन’ लागला पाहिजे. पण ‘अन’ असा नामांना सहसा लागत नाही, तो विशेषणांना लागतो, आणि अर्थही ‘व्याकरणात न बसणारे’ या विशेषणाचाच गुण असा आहे. ध्वनी एक क्रम मागतात आणि अर्थ दुसरा. ‘गव्हर्नमेंटल’मध्येही ‘मेंट’ हा बाहेरच्या वळणाचा प्रत्यय ‘अल’च्या आत जाऊन बसलेला आहे. नंतर 1988मध्ये नायजेल फॅब यांनी 43 इंग्रजी प्रत्यय घेऊन त्यांच्या जोड्या तपासल्या. कागदावर 1849 जोड्या संभवतात, प्रत्यक्षात सुमारे 50 आढळल्या. पातळ्यांची अट लावूनही शेकडो जोड्या चालायला हव्यात अशा उरतात आणि तरी त्या भाषेत नसतात, कारण बहुतेक प्रत्यय स्वतःच फार चोखंदळ असतात आणि कित्येक तर आधीच प्रत्यय लागलेल्या शब्दाला शिवतही नाहीत. प्रत्ययांचा क्रम पातळ्यांनी ठरतो हा दावा त्यामुळे बराच सैल पडला. आतल्या शब्दाची आठवण बाहेरच्यात राहते, हा दावा मात्र टिकला, आणि पुढच्या काळातल्या सिद्धांतांनीही पातळ्यांची कल्पना वेगळ्या रूपात सांभाळली.

मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून वरची उदाहरणे मराठीत हुबेहूब सापडणार नाहीत, पण स्वरांचा खेळ सापडतो. ‘सुंदर’पासून ‘सौंदर्य’ होताना उकाराचा औकार होतो, आणि ‘सुंदरपणा’ होताना काहीच होत नाही. ‘उदार’चे ‘औदार्य’ आणि ‘उदारपणा’, ‘शूर’चे ‘शौर्य’ आणि ‘शूरपणा’, ‘गंभीर’चे ‘गांभीर्य’ आणि ‘गंभीरपणा’ या जोड्या तशाच आहेत. संस्कृत प्रत्यय शब्दाच्या पहिल्या स्वरापर्यंत पोचतो, मराठी प्रत्यय दाराशीच थांबतो. क्रमही जुळतो, कारण ‘पणा’ लागलेल्या शब्दाला वृद्धी करणारा प्रत्यय लागलेला मला तरी कधी आढळला नाही.

पण मराठीत ‘दूध’ हा शब्द घेतला की हिशेब पुन्हा बिघडतो. ‘दूधवाला’ म्हणताना ऊकार दीर्घच राहतो, म्हणजे ‘वाला’ बाहेरच्या पातळीचा ठरतो. ‘दुधाला’ म्हणताना मात्र तोच ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणजे सामान्यरूपाचा ‘आ’ आतल्या पातळीचा ठरायला हवा. आता ‘दूधवाल्याला’ म्हणून पाहा. आतला ठरलेला विभक्तीचा प्रत्यय बाहेरच्या ‘वाला’च्याही पलीकडे लागलेला आहे आणि ‘दू’ मात्र दीर्घच आहे. इथे विभक्तीला फक्त शेजारचा ‘वाला’ दिसतो, त्याच्या आतला ‘दूध’ दिसत नाही असे म्हणता येईल, म्हणजे आतली आठवण टिकते, पण आतल्या प्रत्ययांनी आधी लागावे हा क्रम मराठीने पाळलेला नाही.